एक्झिट इंटरव्ह्यूतलं मोकळं बोलणं लेखी अभिप्रायात कसं आणायचं

एक्झिट इंटरव्ह्यूच्या छापील फॉर्ममध्ये ‘नोकरी सोडण्याचे कारण’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘चांगली संधी’ किंवा ‘वैयक्तिक कारण’ यातलं एक काहीतरी लिहिलेलं असतं. कामाचं बोलणं फॉर्म भरून झाल्यावर सुरू होतं. माणूस खुर्ची मागे सरकवता सरकवता म्हणतो, “तसं सगळं छान होतं हो, पण शनिवारची सुट्टी आपली नावालाच.” हे वाक्य फॉर्ममध्ये बसत नाही, म्हणून ते कुठेच पोचत नाही. किंवा पोचतं तेव्हा त्याचं ‘वर्क-लाइफ बॅलन्सबाबत असमाधान’ झालेलं असतं, आणि त्यावर एचआरमधल्या कुणालाही काहीही करता येत नाही.

असं सहज निघालेलं बोलणं एचआर टीमला निर्णय घेता येईल अशा एक पानी लेखी अभिप्रायात कसं आणायचं, ते टप्प्याटप्प्याने पाहू. इंटरव्ह्यू घेणारा प्लांटचा एचआर एक्झिक्युटिव्ह असेल किंवा दुसऱ्या विभागातला एखादा वरिष्ठ, पद्धत तीच. उदाहरण म्हणून चाकणच्या पट्ट्यातला वाहनांचे सुटे भाग बनवणारा मध्यम कारखाना घेतला आहे. तिथल्या क्वालिटी विभागात नऊ जण आहेत आणि त्यातला एक इंजिनिअर तीन वर्षांनी नोकरी सोडतोय. माणूस आणि आकडे रचलेले आहेत, पण अशा कारखान्यात काम केलेल्यांना प्रसंग अनोळखी वाटणार नाही.

आधी वेळ साधा

ज्याचं रिलीव्हिंग लेटर अडलेलं आहे आणि फुल अँड फायनलचा हिशेब अजून दिसलेला नाही, तो माणूस खरं बोलणार नाही, आणि त्याने बोलावं अशी अपेक्षाही करू नये. पुढच्या कंपनीत बॅकग्राउंड चेक होणार, तिथून फोन इथेच येणार, हे त्याला माहीत असतं. म्हणून नो-ड्यूजच्या सगळ्या सह्या झाल्यावर आणि हिशेबाचा कागद त्याच्या हातात पडल्यावरच बसा. त्याच्या थेट साहेबाला त्या खोलीत ठेवू नका. ज्याच्या सहीने रिलीव्हिंग लेटर निघतं त्यानेच इंटरव्ह्यू घेणंही शक्यतो टाळा. छोट्या प्लांटमध्ये एकच एचआरवाला असतो आणि हे जमत नाही. तिथे आधी लेटर द्यावं आणि मग चहा मागवावा.

शब्द जसेच्या तसे उतरवा, त्याच दिवशी

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे त्याने जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत लिहा. उजवीकडे तुम्हाला त्यावरून जे वाटलं ते लिहा. कंपनीचा सगळा कागदोपत्री व्यवहार इंग्रजीत असला तरी डावी बाजू मराठीतच राहू द्या. “बघू म्हणतात” या दोन शब्दांत नकारही नाही आणि होकारही नाही. त्याचं इंग्रजी करताना तुम्हाला त्यातलं काहीतरी एक निवडावं लागतं, आणि तिथेच त्याच्या म्हणण्यात तुमचं म्हणणं मिसळतं.

आपल्या इंजिनिअरच्या बोलण्यातून डाव्या बाजूला एवढं जमलं. त्यातला कॉम्प-ऑफ म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल मिळणारी बदली सुट्टी:

“शनिवार सुट्टी नावालाच. ऑडिट आलं की सगळे हजर. कॉम्प-ऑफ मागितला की सर बघू म्हणतात.”

“नवीन पोरं आमच्यापेक्षा जास्त घेतात, आणि शिकवायचं आम्ही.”

“दोन नंबरच्या प्रेसला टार्गेटच्या दिवशी सेन्सर बायपास करतात, सगळ्यांना माहितीये.”

“बाकी माणसं चांगली आहेत.”

शेवटचं वाक्यही लिहायचं. ते शिष्टाचाराचं असेल, पण ‘माणसं चांगली’ म्हणणारा आणि ते न म्हणता उठणारा यांच्या तक्रारी एकाच तराजूत घालता येत नाहीत.

उजव्या बाजूला तुम्ही लिहिलं असेल, ‘क्वालिटीचे साहेब सुट्टी देत नाहीत.’ ही बाजू पुढे बहुतेक वेळा खोटी ठरते, म्हणूनच ती वेगळी ठेवायची.

मतावरून प्रसंगावर या

सगळ्या कामात वेळ खाणारा आणि वेळ द्यावा असा टप्पा हाच. “सुट्टी नावालाच” हे मत झालं. मतावर एचआर फार तर सहानुभूती दाखवू शकतं. प्रसंग हाती आला की रजिस्टर उघडता येतं. त्यामुळे प्रत्येक वाक्याला साधे प्रश्न विचारायचे: शेवटचं असं कधी झालं? त्या वेळी तुम्ही काय केलंत? कुणाला सांगितलं होतं का? मग पुढे काय झालं?

“असं का होतं?” हा प्रश्न मात्र टाळा. ‘का’ विचारलं की माणूस सिद्धांत मांडायला लागतो, आणि बहुतेकदा तो सिद्धांत साहेबाच्या स्वभावापाशी येऊन थांबतो. ‘कधी’ विचारलं की त्याला आठवावं लागतं.

आपल्या इंजिनिअरशी बोलणं असं झालं:

“शेवटचं असं कधी झालं?”

“मार्चमध्ये. कस्टमर ऑडिट होतं, तीन शनिवार आलो. एक कॉम्प-ऑफ मिळाला, दोन लॅप्स झाले.”

“लॅप्स म्हणजे मागितलेच नाहीत?”

“मागितले की! सर म्हणाले, इयर एंडिंगचं डिस्पॅच होऊ दे, मग घे. मग गेलो तर सिस्टीममध्ये दिसेचनात. तीस दिवसांत घ्यावे लागतात म्हणे.”

“हे कुणाला सांगितलं होतं?”

“सरांनाच. ते म्हणाले, माझ्या हातात नाही.”

दोन मिनिटांत चित्र बदललं. आता मुद्दा साहेबाच्या स्वभावाचा राहिला नाही, तीस दिवसांच्या नियमाचा झाला. हा नियम कुणाचा? एचआरचाच. जाणाऱ्या माणसाच्या बोलण्यात दोष साहेबाचा असतो, कारण त्याला रोज दिसतो तो साहेब. पॉलिसी त्याला दिसत नाही.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारण्याजोगा आहे: “नोकरी शोधायला सुरुवात कधी केली?” ‘नोकरी का सोडली’ याचं उत्तर तयार असतं, याचं नसतं. इंजिनिअर म्हणाला, एप्रिलच्या मध्याला रेझ्युमे नीट केला. त्या आठवड्यात काय घडलं होतं? बहिणीचा साखरपुडा होता, दोन दिवस हवे होते. कॉम्प-ऑफ उरले नव्हते, रजाही संपल्या होत्या, म्हणून ते दोन दिवस विदाउट पे गेले. नवी नोकरी वाढीव पगाराची आहे आणि फॉर्ममध्ये ‘चांगली संधी’ असंच लिहिलंय, तेही खोटं नाही. पण पगार वाढतोय म्हणून त्याने शोध सुरू केला नव्हता. शोध सुरू झाला आणि मग पगार वाढला.

याउलट “हे सुधारलं असतं तर थांबला असता का?” या प्रश्नाच्या उत्तरावर फार विसंबू नका. लोक भिडेपोटी ‘हो’ म्हणतात.

काही गोष्टी अभिप्रायात येऊच नयेत

सेन्सर बायपास करण्याबद्दलचं वाक्य महिनाअखेरच्या एक्झिट रिपोर्टसाठी ठेवणं धोक्याचं आहे. प्रेसचा सेन्सर कामगाराचा हात वाचवायला असतो. हे ऐकल्यावर त्याच दिवशी सेफ्टी ऑफिसर आणि प्लांट हेड यांना कळवायचं, आणि कळवताना कुणी सांगितलं हे सांगायची गरज नसते. कुठलं मशीन आणि साधारण कधी, एवढं पुरतं. तपासायला जाणारा माणूस मशीनपाशीच जाणार आहे.

दुसरी अशी गोष्ट लैंगिक छळाच्या इशाऱ्याची. “त्या स्टोअरमध्ये मुली एकट्या जात नाहीत” असं कुणी सहज बोलून गेलं, तर ते ‘वातावरणाबाबत सूचना’ म्हणून लिहिणं म्हणजे ते दडपणंच झालं. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. लेखी तक्रार सामान्यतः जिला त्रास झाला तिने प्रसंगापासून तीन महिन्यांत करायची असते, आणि उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने स्वतः चौकशी करू नये, नावं विचारत फिरू नये. समोरच्याला समितीची माहिती आणि मुदत सांगावी. आपण ऐकलेली गोष्ट समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घालावी, आणि ती दुसऱ्या कुठल्याही कागदावर आणू नये. बोलणारी व्यक्ती स्वतःच पीडित असेल, तर नोकरी सोडल्यामुळे तक्रारीचा हक्क जात नाही, हेही तिला स्पष्ट सांगावं.

थकलेला ओव्हरटाइम, पीएफमधली तफावत असे पैशांचे दावेही वेगळ्या रांगेत जातात. ते अभिप्राय नव्हेत, देणी आहेत.

पाहिलेलं, ऐकलेलं, वाटलेलं

उरलेल्या वाक्यांपुढे ती गोष्ट त्याने स्वतः अनुभवली की कुणाकडून ऐकली, याची खूण करा. कॉम्प-ऑफचं त्याने स्वतः भोगलंय. नव्या मुलांच्या पगाराचं? “तुम्हाला कसं कळलं?” असं विचारल्यावर तो म्हणाला, “कँटीनमध्ये बोलतात.” म्हणजे ऐकीव. ऐकीव असलं तरी ते फेकून द्यायचं नाही. पगाराचे आकडे एचआरकडे आहेतच, तिथे दहा मिनिटांत पडताळता येतं. फक्त अभिप्रायात ‘नव्यांना जास्त पगार दिला जातो’ असं विधान न करता ‘असा समज विभागात आहे’ असं लिहायचं. समज खोटा निघाला तरी तो आहे, ही माहिती खरीच असते. आणि कुठल्या नव्या मुलाचं नाव त्यात यायला नको.

नोंदींशी ताडून बघा, पण गाजावाजा न करता

क्वालिटीच्या साहेबाला बोलावून “कॉम्प-ऑफ देत नाही म्हणे तुम्ही?” असं विचारलंत तर काम तिथेच संपलं. कोण बोललं हे त्यांना लगेच कळेल आणि विभागातले उरलेले आठ जण पुढच्या वेळी फक्त ‘चांगली संधी’ लिहितील. त्याऐवजी गेटचं पंचिंग आणि रजेच्या सिस्टीमचा रिपोर्ट काढा. एकट्या माणसाचा नको, पूर्ण विभागाचा आणि पूर्ण तिमाहीचा.

समजा जानेवारी ते मार्चमध्ये या विभागात 26 कॉम्प-ऑफ जमा झाले. त्यातले 9 घेतले गेले, 17 लॅप्स झाले. त्या 17 पैकी 11 साठी अर्ज आला होता आणि ‘वर्कलोड’ असं कारण देऊन नाकारला गेला होता, 6 साठी अर्जच आला नाही. इंजिनिअरचं म्हणणं नोंदींशी जुळलं आणि एक नवी गोष्टही दिसली. ज्या महिन्यांत कॉम्प-ऑफ साठतात त्याच महिन्यांत ते मंजूर करायला विभागप्रमुखाकडे माणसं नसतात, आणि नियमाचे तीस दिवस त्याच गर्दीत संपतात.

नोंदी जुळल्या नाहीत तर? तसंच लिहा: ‘सिस्टीममध्ये असा अर्ज आढळला नाही.’ त्यावरून माणूस खोटं बोलतोय असा निष्कर्ष काढायची घाई नको. पुष्कळ ठिकाणी रजा आधी तोंडी विचारतात आणि ‘बघू’ म्हटलं की अर्ज टाकतच नाहीत. वरच्या हिशेबातले अर्ज न आलेले सहा तसेही असू शकतील.

आता लिहा

एका मुद्द्याला एक परिच्छेद. त्यात क्रमाने यायला हवं: काय घडतं, त्याचा परिणाम काय, हे कशावरून म्हणतोय, आणि एचआरच्या हातात काय आहे. विशेषणं गाळा. ‘खूप’, ‘नेहमी’, ‘कुणीच’ असा शब्द आला की तिथे आकडा किंवा महिना घालता येतो का ते बघा, नाहीतर वाक्यच काढून टाका.

घाईत लिहिलेला अभिप्राय असा असतो:

‘क्वालिटी विभागात वर्क-लाइफ बॅलन्सचा अभाव असून विभागप्रमुख सुट्ट्यांबाबत सहकार्य करत नाहीत. कर्मचाऱ्यांमध्ये तीव्र नाराजी आहे. व्यवस्थापनाने लक्ष घालावे.’

यात माणसावर आरोप आहे, पुरावा नाही. एका माणसाचं बोलणं ‘कर्मचाऱ्यांमध्ये’ म्हणून फुगवलंय. आणि ‘लक्ष घालावे’ म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं कुणी काय करायचं, ते कळत नाही. तोच मुद्दा असा लिहिता येईल:

‘ऑडिट आणि वर्षअखेरीच्या काळात क्वालिटी विभागाला शनिवारी यावे लागते. त्याबदली मिळणारे कॉम्प-ऑफ तीस दिवसांच्या मुदतीत घेता न आल्याने लॅप्स होतात. जानेवारी ते मार्चमध्ये विभागाचे 26 पैकी 17 कॉम्प-ऑफ लॅप्स झाले. त्यातील 11 अर्ज कामाच्या भारामुळे नामंजूर झाले होते (रजा प्रणालीचा अहवाल). नोकरी सोडणाऱ्या एका कर्मचाऱ्याने हा मुद्दा स्वानुभवातून मांडला व नोकरी शोधण्याच्या निर्णयाशी तो जोडला. इतर कर्मचाऱ्यांशी याबाबत बोलणे झालेले नाही. एचआरने विचार करावा असे पर्याय: कॉम्प-ऑफची मुदत तीसवरून नव्वद दिवस करणे, किंवा कामाच्या भारामुळे अर्ज नामंजूर झाल्यास मुदत आपोआप वाढवणे. दुसरा पर्याय कमी खर्चाचा आहे, मात्र तोंडी नकाराला तो लागू होणार नाही.’

या परिच्छेदात विभागप्रमुख एकदाही आलेले नाहीत, आणि त्यांना वाचवायला म्हणून ते गाळलेले नाहीत. नोंदी बघता त्यांची भूमिका एवढीच दिसली. त्यांनी एकाच माणसाचे अर्ज पुन्हा पुन्हा नाकारले असते, तर तेही तेवढ्याच कोरड्या शब्दांत लिहावं लागलं असतं: ‘11 पैकी 8 नामंजूर अर्ज एकाच कर्मचाऱ्याचे आहेत.’ विधायक लिहायचं म्हणजे गोड लिहायचं, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. टोक बोथट करता करता मुद्दाच नाहीसा होतो आणि एचआर हेड पान उलटतो.

‘एकाने सांगितलं’ आणि ‘इतरांशी बोलणं झालेलं नाही’ ही दोन वाक्यं लिहिताना हात अडतो, कारण त्यांनी आपला मुद्दा दुबळा होईल असं वाटतं. तरीही ती ठेवा. उद्या विभागप्रमुखांनी “किती जण बोलले असं?” म्हणून विचारलं, तर अभिप्राय तिथे कोसळायला नको.

पर्याय सुचवताना आपली हद्द ओळखा. ‘दोन माणसं वाढवा’ हे बजेटचं काम आहे, एचआरच्या टेबलावर त्याचं काही होत नाही. मुदत, मंजुरीची पद्धत, आपोआप जाणारी सूचना, या गोष्टी होतात.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नाही

नऊ जणांच्या विभागातून यंदा एकच माणूस गेला असेल, तर ‘एका कर्मचाऱ्याने’ म्हणून काही झाकलं जात नाही. म्हणून साखरपुड्याचा प्रसंग तुमच्यासाठी कितीही महत्त्वाचा असला, तरी कागदावर आणायचा नाही. ‘एप्रिल’ नाही, ‘विदाउट पे गेलेले दोन दिवस’ही नाहीत. वर लिहिलेला परिच्छेद पूर्ण विभागाच्या आकड्यांवर उभा आहे, तोही याचसाठी. रजेचा रिपोर्ट कुणीही काढू शकतो, त्यामुळे कुणी बोललं नसतं तरी हा मुद्दा वर येऊ शकला असता.

एवढं करूनही ओळख पटेल असं वाटलं, तर कागद फक्त एचआर हेडकडे द्या आणि विभागात चर्चा करायची ती दोन-तीन विभागांचे आकडे एकत्र करून. प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सचा रिपोर्टही काढला की ‘क्वालिटीतून कोण बोललं’ हा प्रश्न उरत नाही. हे थोडं लांबतं. जाणारा माणूस याच पट्ट्यातल्या दुसऱ्या कारखान्यात चाललाय आणि आजचा साहेब उद्या तिथेही भेटू शकतो, हे लक्षात घेतलं तर तेवढा उशीर परवडतो.

वाचून दाखवा, मग द्या

पाठवण्याआधी मसुदा जाणाऱ्याला वाचून दाखवा, तो गेला असेल तर फोनवर. “असं लिहिलंय, चालेल?” एवढंच विचारायचं. लोक या वेळी सहसा शब्द बदलायला सांगत नाहीत, विसरलेली एखादी गोष्ट सांगतात. इंजिनिअरला आठवलं की लॅप्स व्हायच्या आधी सिस्टीम मेल पाठवते, पण तो मेल विभागप्रमुखाला जातो, कर्मचाऱ्याला जातच नाही. परिच्छेदात तिसरा पर्याय आला, आणि तो बहुधा सगळ्यात स्वस्त आहे. त्याने एखादा मुद्दा काढायला सांगितला तर काढा, वाद घालू नका.

अभिप्राय मेलने पाठवून गप्प बसू नका. एचआरच्या ज्या माणसाकडे रजेची पॉलिसी आहे त्याच्यासमोर पंधरा मिनिटं बसा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तीनपैकी एक गोष्ट लिहून घ्या: करणार, तपासणार किंवा करणार नाही. पुढे नाव आणि तारीख. ‘करणार नाही’ हेही चालतं, कारण लिहिलेलं असलं तर तोच मुद्दा पुढच्या वर्षी आणखी दोघांनी मांडल्यावर त्याच कागदावर मोजता येतो.

वहीचं दुमडलेलं पान फाइलला लावू नका. त्यात साखरपुडाही आहे, सेन्सरही आहे आणि उजव्या बाजूचे तुमचे चुकलेले अंदाजही. सेन्सरचं वेगळं कळवून झालं आणि मसुदा वाचून पक्का झाला, की ते पान श्रेडरमध्ये घाला.